फोटोवरून म्हशीची जात कशी ओळखायची? (मुऱ्हा, मेहसाणा, पंढरपुरी)

प्रश्न: मी मोहोळ तालुक्यातला. दोन म्हशी घ्यायच्यात, व्हाट्सअॅपवर रोज फोटो येतात आणि प्रत्येकाखाली "असल मुऱ्हा" लिहिलेलं असतं. शिंग, रंग, अंगावरून फोटोत जात ओळखता येते का? पंढरपुरी आणि मराठवाडीत पण माझा गोंधळ होतो.

उत्तर:

येते, पण एका फोटोवर नाही येत आणि समोरून काढलेल्या फोटोवर तर अजिबात नाही. आमच्या दावणीला पंधरा वर्षं म्हशी आहेत, पहिली "मुऱ्हा" मी असाच फोटो बघून घेतली आणि फसलो, म्हणून तीच गोष्ट सांगतो, त्यात सगळं येईल.

एका हेड्यानं तीन फोटो टाकले होते, दुसऱ्या वेताची, 14 लिटर, असल मुऱ्हा. पहिला फोटो समोरून, तोंडाजवळ मोबाईल धरून काढलेला. शिंगं कानाच्या वर गुंडाळल्यासारखी दिसत होती, अंग काळंभोर आणि चकचकीत. मला वाटलं झालं, अजून काय पाहिजे. म्हैस दारात उतरली तेव्हा बाजूनं बघितली आणि डोक्यात उजेड पडला. शिंग मुळातून निघून आधी गालाच्या बाजूनं खाली आलेलं, मग मागं जाऊन टोकाला नुसतं वर वळलेलं, कोयत्यासारखं. मुऱ्ह्याचं शिंग असं नसतं. त्याचं आखूड असतं आणि मागं जाऊन वर वळून परत आत येतं, जिलेबीच्या वेढ्यासारखं घट्ट. माझ्याकडं आली ती मेहसाणा होती, म्हणजे निदान मेहसाणा वळणाची तरी. मेहसाणा ही गुजरातची, मुऱ्हा आणि सुरती यांच्या संकरातून झालेली, त्यामुळं तिचं शिंग या दोघींच्या मधलं असतं, सुरतीच्या कोयत्यापेक्षा जास्त वळलेलं पण मुऱ्ह्याएवढं गुंडाळलेलं नाही. आणि समोरून बघितलं की शिंगाची लांबी फोटोत दबून जाते, टोक तेवढं वर दिसतं, म्हणून कोयता पण जिलेबी वाटतो. फसायची जागा हीच आहे बघा. (म्हैस वाईट नव्हती, चार वेत काढली माझ्याकडं. पण पैसे मुऱ्ह्याचे दिले होते ना राव.)

तेव्हापासून मी फोटो मागतानाच सांगतो, म्हैस सपाट जागेवर उभी करा, दहा-बारा फूट लांब थांबा, मोबाईल तिच्या पोटाच्या उंचीला धरा आणि शिंगापासून शेपटीपर्यंत आख्खी बाजू येऊ द्या, शेजारी एक माणूस तिच्या खांद्याला लागून उभा करा. जवळून काढलेल्या फोटोत डोकं आणि पुढचा भाग मोठा येतो, मागचा बारीक होतो, मग मध्यम म्हैस पण हत्तीसारखी दिसते. माणूस शेजारी असला की अंगाचा अंदाज लागतो, पण तो म्हशीच्या पुढं चार फूट उभा असेल तर उपयोग नाही, लागूनच पाहिजे. आणि खालून वर धरून काढलेला फोटो आला की समजायचं, उंची वाढवून दाखवायचा प्रकार आहे.

रंगावर मी सगळ्यात कमी विश्वास ठेवतो. विकायच्या आदल्या दिवशी म्हैस भादरतात, धुतात, वरनं तेल चोळतात, मग कुठलीही म्हैस काळीभोर होते. उलटं पण होतं, आपल्या सोलापूरच्या उन्हात डुंबायला पाणी नसलं की खऱ्या काळ्या म्हशीचे केस टोकाला तांबूस पडतात, आणि खाण्यात तांबं कमी पडलं तरी केस लालसर होतात, म्हणून तांबूस दिसली म्हणजे सुरती असं नाही. सुरती ओळखायची तर रंगापेक्षा गळा बघा, जबड्याखाली एक आणि छातीवर एक असे दोन पांढरे पट्टे असतात. मुऱ्ह्यात पांढरं असलं तर शेपटीच्या गोंड्याला चालतं, पण कपाळ, चारी पाय आणि गोंडा सगळीकडं पांढरं आणि डोळे घारे असले आणि विकणारा मुऱ्हा म्हणत असला तर ती नीली रावीकडं झुकलेली आहे. तिचं शिंग पण घट्ट गुंडाळलेलंच असतं, त्यामुळं नुसतं शिंग बघणारा इथं हमखास चुकतो.

जाफराबादी ओळखायला कुणाला शिकवायला लागत नाही. भलंमोठं अंग, कपाळ पुढं फुगलेलं, जाडजूड शिंगं मानेच्या दोन्ही बाजूला लोंबतात आणि टोकाला वर वळतात, कपाळाच्या भारानं डोळे झोपेत असल्यासारखे बारीक दिसतात.

आता तुमचा पंढरपुरी आणि मराठवाडीचा प्रश्न. दोन्ही आपल्याकडं दिसतात, दोन्हीची शिंगं मागं जातात, त्यामुळं गोंधळ होणारच. बाजूच्या फोटोत खांद्याच्या हाडावर बोट ठेवायचं. मराठवाडीचं शिंग चपटं असतं, मानेला समांतर जातं आणि खांद्याजवळ थांबतं, पुढं जात नाही. पंढरपुरीचं खांदा ओलांडून मागं जातं, काहींचं तर पाठीवरून पार ढुंगणाच्या हाडापर्यंत, आणि जाताना वर किंवा बाहेर पीळ घेतं. दीड-दोन फूट शिंग तिला साधं आहे, मीटरभराचं पण बघितलंय. चेहरा लांब आणि अरुंद, नाकाचं हाड सरळ, अंग मध्यम, साधारण 400-450 किलोचं. कार्तिकीला पंढरपूरच्या जनावरांच्या बाजारात एक चक्कर मारा, शंभर फोटो बघण्यापेक्षा तासाभरात डोळा बसतो.

पण हे सगळं वयात आलेल्या म्हशीचं. पारडीचं, दीड-दोन वर्षाच्या वगारीचं शिंग अजून वळण घेत असतं, मुऱ्ह्याच्या वगारीचं पण साधं मागं वळलेलं दिसतं आणि पंढरपुरीच्या वगारीचं खांद्यापर्यंतच आलेलं असतं, म्हणजे मराठवाडीसारखं. वगारीचा फोटो आला तर मी सरळ तिच्या आईचा फोटो मागतो. शिंगाचं टोक कापलेलं असेल तर तेही बघा, झूम करून. टोक निमुळतं न होता बोथट, सपाट दिसलं की करवत फिरलेली आहे, मग लांबीवरून काही बोलू नका.

आणि गावोगाव मुऱ्ह्याचं रेतन भरतात आता, गावठी किंवा पंढरपुरी म्हशीला. त्या पोटची म्हैस अर्धवट वळणाची येते, शिंग मागं पण जातं आणि टोकाला अर्धा वेढा पण घेतं, एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. असला फोटो आला की मी जात विचारतच नाही, "कुठल्या रेतनाची, आई कसली" एवढं विचारतो, आणि भाव मिश्र म्हशीचाच लावतो. 14 लिटर दूध शिंगात दिसत नाही, त्यासाठी दोन वेळची धार समोर उभं राहून काढून घ्यायची, आदल्या संध्याकाळची धार तुमच्या डोळ्यादेखत काढलेली पाहिजे, नाहीतर कास तुंबवून सकाळी दाखवतात.

तुमच्याकडं आलेले फोटो बाजूनं काढलेले असतील तर खाली टाका, बघून सांगतो.