जर्मनीतल्या यजमान कुटुंबाला पहिला फोन

प्रश्न : मुलगी ऑगस्टमध्ये विद्यार्थी-देवाणघेवाणीसाठी जर्मनीला जाते आहे. निघण्यापूर्वी तिने यजमान कुटुंबाला फोन करायचा आहे. सुरुवात कशी करावी?

उत्तर : आधी ईमेलने दिवस आणि वेळ विचारून घ्यावी, कारण जर्मन घरांत न सांगता केलेला पहिला फोन थोडा अवघड वाटू शकतो. उन्हाळ्यात त्यांचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते; म्हणून आपल्याकडे रात्री आठ वाजता, म्हणजे तिकडे साडेचार वाजता केलेला फोन त्यांच्या संध्याकाळच्या जेवणाच्या आधी होतो. दुपारी एक ते तीन ही अनेक घरांत विश्रांतीची वेळ असते, ती टाळावी.

फोन उचलणारी व्यक्ती बहुधा ‘हॅलो’ऐवजी फक्त आडनाव सांगेल. ते तुटक वाटले तरी तिकडची ती नेहमीची रीत आहे. मुलीने लगेच ‘गुटन टाग’ म्हणून ‘हिअर इस्ट’ आणि स्वतःचे पूर्ण नाव सांगावे, त्यानंतर पुण्याहून (किंवा जिथून असाल तिथून) बोलत असल्याचे आणि आपणच येणारी विद्यार्थिनी असल्याचे सांगावे. आपल्याकडे चालणारे ‘ओळखलंत का?’ तिथे समोरच्याला गोंधळात टाकते. यजमान आईवडिलांना पहिल्या फोनवर ‘झी’ म्हणजे आदरार्थी संबोधन वापरावे आणि आडनावाआधी ‘फ्राउ’ किंवा ‘हेर’ लावावे. त्यांनी स्वतःहून ‘डू’ म्हणजे एकेरी ‘तू’ म्हणायला सांगितले, आणि बहुतेक यजमान कुटुंबे ते लवकरच सांगतात, की संकोच न करता ते स्वीकारावे. काका-काकू म्हणण्याची पद्धत तिथे नाही. घरातल्या समवयस्क मुलांना मात्र पहिल्यापासून ‘डू’च म्हणावे.

खरी चूक होते ती वेळ ठरवताना. माझ्या भाचीला तिच्या यजमान आईने फोनवर सांगितले की ते ‘हाल्ब आख्ट’ला ग्योटिंगन स्थानकावर घ्यायला येतील. ‘हाल्ब’ म्हणजे अर्धा आणि ‘आख्ट’ म्हणजे आठ, म्हणून तिने साडेआठ समजून फ्रँकफर्टहून नंतरची गाडी घेतली. प्रत्यक्षात ‘हाल्ब आख्ट’ म्हणजे आठाकडे जाताना अर्धा तास झालेला, म्हणजे साडेसात! ते कुटुंब तासभर फलाटावर उभे होते, आणि तिला त्याचे फार वाईट वाटले. म्हणून वेळ ऐकल्यावर ती चोवीस तासांच्या पद्धतीने परत बोलून दाखवावी, ‘नॉयन्त्सेन उर ड्रायसिश’, म्हणजे 19.30, आणि फोननंतर तीच वेळ अंकांत ईमेलने पाठवावी. जर्मन संख्या ऐकताना आपल्या मुलांना एक सोय आहे : पंचवीसप्रमाणेच त्यांच्याकडेही पाच आधी आणि वीस नंतर येतात.

निरोप घेताना ‘आउफ वीडरझेहन’ न म्हणता ‘आउफ वीडरह्योरेन’ म्हणावे. पहिल्यात पुन्हा दिसण्याचा अर्थ आहे, दुसऱ्यात पुन्हा ऐकण्याचा. म्हणून फोनवर दुसरे शोभते.