फ्लूचा ताप गेला, संसर्ग बाकी आहे: घरून काम मागणारा मेल

प्रश्न: सोमवारी फ्लूचा ताप आला, तीन दिवस सिक लीव्ह घेतली. आज गुरुवार, कालपासून ताप नाही पण खोकला आहे. काम जमेल, पण ऑफिसात कुणाला लागण व्हायला नको. मॅडमना मेल कसा लिहू?

मी एक टीम सांभाळते, त्यामुळे असे मेल माझ्याकडे येतात. बहुतेकांत ‘बरं वाटत नाहीये, दोन-तीन दिवस घरून काम करू का?’ एवढंच असतं. मग या माणसाला रजेवर धरायचं की कामावर, हेच कळत नाही. म्हणून मेलमध्ये वार लिहा.

वार असे काढा. फ्लूची लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून ते पुढे पाच ते सात दिवस माणूस संसर्ग देऊ शकतो. पहिल्या तीन-चार दिवसांत सर्वाधिक. तुमचा ताप सोमवारचा, म्हणजे सात दिवस पुढच्या सोमवारी भरतात. शुक्रवार आणि सोमवार मागा, मंगळवारी हजर व्हा.

एक गोष्ट आधी तपासा: ताप पॅरासिटामॉलशिवाय उतरलाय ना? गोळीने दबलेला ताप गेला असं धरायचं नाही. गोळी न घेता २४ तास ताप नसेल, तरच पुढचा मेल पाठवा. नाहीतर उद्याचीही सिक लीव्हच घ्या.

विषय: शुक्रवार व सोमवार घरून काम करण्याबाबत

मॅडम,
सोमवारी मला फ्लूचा ताप आला. कालपासून गोळी न घेताही ताप नाही, पण खोकला आहे आणि अजून काही दिवस इतरांना लागण होऊ शकते. म्हणून शुक्रवार आणि सोमवार घरून काम करण्याची परवानगी द्यावी. महिन्याचा रिपोर्ट सोमवारी संध्याकाळपर्यंत देतो. कॉलवर फार बोलणं जमणार नाही, चॅटवर मात्र असेन. ताप पुन्हा आला तर त्या दिवसाची सिक लीव्ह टाकेन. मंगळवारी ऑफिसला येतो.

रिपोर्टच्या जागी तुमचं खरं काम घाला, पण एकच. फ्लूनंतरचा थकवा दुपारी गाठतो. तीन कामं कबूल करून एकच झालं, तर पुढच्या वेळी परवानगी मिळणं अवघड होतं. सिक लीव्हचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर अंगात ताप असतानाही लॅपटॉप उघडून बसावं लागतं.

सर्टिफिकेट मागितलं, तर डॉक्टरांकडून लक्षणं सुरू झाल्याची तारीख आणि कधीपर्यंत वेगळं राहायचं ते लिहून घ्या. नुसत्या ‘विश्रांतीची गरज’ अशा चिठ्ठीवर एचआर रजाच लावेल, घरून काम नाही.

खोकला दोन आठवडेही रेंगाळतो, तेवढ्यासाठी मुदत वाढवून मागू नका; मंगळवारपासून काही दिवस मास्क लावा. मात्र उतरलेला ताप परत चढला किंवा धाप लागली, तर मेल राहू द्या, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. फ्लूनंतर न्यूमोनिया झाला तर तो असाच सुरू होतो.