राजीनामा दिल्यावर पगारवाढ: आधी मेल की आधी पत्र?

प्रश्न : चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत चार वर्षं चार महिने डिझाइन इंजिनिअर आहे. राजीनामा दिला, नोटीस पिरियडचे २५ दिवस उरलेत. आता साहेब म्हणतात, महिना १५ हजार वाढवतो, वर दोन लाख रिटेन्शन बोनस, दोन वर्षं थांबायचं. एचआर म्हणतं, राजीनामा मागे घेतल्याचा मेल आज टाका, पत्र एप्रिलच्या अप्रेझलबरोबर मिळेल. दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर मी सही करून पाठवलंय. काय करू?

उत्तर : आज मेल टाकू नका. पैशांचा हिशेब नंतर करू, आधी कागदांचा क्रम बघा. तुमचा राजीनामा लेखी आहे आणि त्याची मुदत रोज एकेक दिवसाने सरते आहे. साहेबांचं आश्वासन मात्र अजून तोंडीच आहे. तुम्ही आधी माघार घेतलीत तर हातातला एकमेव जोर जाईल आणि एप्रिलमध्ये 'मॅनेजमेंटच्या मंजुरीनुसार' हे दोन शब्द ऐकून परत यावं लागेल.

पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा ती तारीख उजाडेपर्यंत मागे घेता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये गोपालचंद्र मिश्र प्रकरणात म्हटलं आहे. पण ते प्रकरण उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचं होतं. खाजगी कंपनीत नेमणूकपत्रातल्या अटी आधी बघाव्या लागतात, आणि वाद झालाच तर कोर्ट साधारणपणे नोकरी परत देत नाही, भरपाईपुरतंच बघतं (कायद्याच्या व्याख्येतला 'कामगार' असाल तर गोष्ट वेगळी). म्हणून कंपनीची लेखी संमती हवीच. सुधारित पगाराचं पत्र हातात आल्यावरच असा मेल करा: 'सोबतच्या दि. … च्या पत्रातील अटींवर मी माझा राजीनामा मागे घेत आहे. तो मागे घेतल्याची आणि माझी सेवा सलग धरली जाईल याची लेखी पुष्टी द्यावी.'

'सलग' हा शब्द गाळू नका. ग्रॅच्युइटीला साधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते आणि तुमचे आठच महिने उरलेत. एखादा एचआरवाला सिस्टिममध्ये जुनी नोकरी बंद करून नव्याने नेमणूक दाखवतो. मग मोजणी पुन्हा शून्यापासून, आणि भांडण तुमच्या गळ्यात.

आता दोन लाखांकडे येऊ. पत्रात 'दोन वर्षांच्या आत सोडल्यास बोनस परत' असं येईलच. परत किती, ते वाचा. तुम्ही २० टक्क्यांच्या कर-टप्प्यात असाल तर उपकरासह ४१,६०० रुपये कापून हातात १,५८,४०० येतील. पण अटीत नुसतं 'बोनसची रक्कम' असेल तर दीड वर्षाने सोडताना कंपनी पूर्ण दोन लाख मागेल, म्हणजे कधी न मिळालेले पैसेही खिशातून द्यायचे. तिथे दोन दुरुस्त्या मागा: परतफेड हातात आलेल्या रकमेची, आणि काढलेल्या महिन्यांच्या प्रमाणात कमी होणारी. दीड वर्ष काढलंत तर पाव हिस्सा, म्हणजे ३९,६०० रुपये. कंपनीने काढून टाकलं तर परतफेड नाही, हेही लिहून घ्या.

'बाँड कोर्टात टिकत नाही हो,' असं सांगणारे भेटतील. अर्धवट खरं आहे. नोकरी सोडल्यानंतर स्पर्धक कंपनीत जाऊ नका ही अट करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. पण ठरावीक मुदत थांबण्याची अट वेगळी. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. ती सरकारी बँक होती, भरतीच्या खर्चाचा मुद्दा होता, हे खरं. तरी सही करताना 'बघू पुढे' हा हिशेब धरू नका. कलम ७४ नुसार करारात लिहिलेला आकडा ही भरपाईची कमाल मर्यादा असते आणि वाजवी किती ते कोर्ट ठरवतं, पण तोवर वकिलाची फी तुम्हीच भरणार.

राहिली दुसरी कंपनी. सही करून पाठवलेलं ऑफर लेटर हा करार आहे. तिथे जायला कोर्ट भाग पाडत नाही. झालेलं नुकसान दाखवून ती भरपाई मागू शकते, आणि रुजू होण्यापूर्वीच्या अशा दाव्यात नुकसान सिद्ध करणं सोपं नसतं. जॉइनिंग बोनस घेतला असेल तर तो परत करावा लागेल. नाही म्हणायचं असेल तर सुधारित पत्र मिळाल्याच्या दिवशीच दोन ओळींचा मेल करा, रुजू होण्याच्या आदल्या रात्री फोन बंद करून नव्हे.

एचआरला पत्रासाठी पाच कामकाजाचे दिवस द्या, मेलवरच. त्यात पत्र आलं नाही तर माझ्या मते निघा, आणि उरलेल्या दिवसांत रिलीव्हिंग लेटर व हिशेबाच्या मागे लागा.