तारीख ताणू नका, रकाना भरा

"मी ऐरोलीत राहते. महापेच्या एका कंपनीत आठ वर्षं अकाउंट्स सांभाळले. सासूबाईंना पक्षाघात झाला म्हणून जुलै 2020 मध्ये नोकरी सोडली. आता त्या काठीने चालतात, दिवसभराची बाईही मिळाली आहे. लिंक्डइन प्रोफाइल लिहायला बसले, तर दीर म्हणतात, 'शेवटची तारीख 2023 टाक, कोण बघतंय?' ठाण्यातल्या त्यांच्या दुकानाची जीएसटी रिटर्न्स गेली दोन वर्षं मीच भरते. काय लिहू?"

बघतात. ऑफरनंतरच्या पडताळणीत रिलीव्हिंग लेटर मागतात, आणि तुमचा पीएफ कापला जात असेल तर यूएएनच्या सर्व्हिस हिस्ट्रीत नोकरी सोडल्याची तारीख असतेच. खंड पडला म्हणून नाकारणारे मुलाखतीआधीच नाकारतात. खोटी तारीख मात्र हातात आलेली नोकरी घालवते.

लिंक्डइनवर यासाठी वेगळी नोंद आहे: Add profile section मध्ये Add career break. प्रकार Caregiving निवडा, जुलै 2020 टाका आणि खंड अजून चालू असल्याची खूण करा. खाली इंग्रजीत एवढाच आशय पुरे: 'घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीच्या देखभालीसाठी नोकरी थांबवली. आता घरी व्यवस्था झाली असून पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध.' पक्षाघात, फिजिओथेरपी यातलं काही नको. तो सासूबाईंचा खाजगी मामला आहे. शिवाय 'घराचं आर्थिक व्यवस्थापन केलं' असली वाक्यंही टाळा. अकाउंट्सचा साहेब ती वाचून हसतो.

दिरांचं दुकान मात्र लिहा. त्यांनी सुचवलेल्या तारखेपेक्षा त्यांचं दुकानच तुमच्या जास्त कामाचं आहे! अनुभवात वेगळी नोंद करा: 'किरकोळ दुकानाचं जीएसटीआर-1 आणि जीएसटीआर-3बी भरणं, अर्धवेळ, कौटुंबिक व्यवसाय.' 'फ्रीलान्स कन्सल्टंट' म्हणालात, तर पहिला प्रश्न येईल, बाकीचे क्लायंट कोण?

नावाखालच्या ओळीत 'ब्रेकनंतर संधीच्या शोधात' नको. रिक्रूटर शोधताना अकाउंट्स, जीएसटी, टॅली हेच शब्द टाकतो. तेच तिथे हवेत.

आता खरी अडचण. तुम्ही नोकरी सोडलीत तेव्हा ई-इन्व्हॉइस सुरूच झालं नव्हतं. ते ऑक्टोबर 2020 मध्ये 500 कोटींवरच्या उलाढालीला लागू झालं आणि मर्यादा उतरत ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवर आली. दिरांची उलाढाल त्याखाली असेल तर तुमचा हात त्यावर बसलेलाच नाही. टॅलीप्राइमही तुमच्यानंतरचं, नोव्हेंबर 2020 चं. एखाद्या सीएच्या ऑफिसात महिनाभर बसून ई-इन्व्हॉइसचा नोंदणी क्रमांक, म्हणजे आयआरएन, काढणं आणि चुकलेलं इन्व्हॉइस 24 तासांत रद्द करणं शिका, मगच स्किल्समध्ये ई-इन्व्हॉइस लिहा. मुलाखतीत खंडाबद्दल विचारलं तर दोन वाक्यांत सांगा: सासूबाईंसाठी थांबले होते, आता दिवसभराची बाई आहे. त्यांना खरं तर जाणून घ्यायचं असतं, मार्च एंडिंगला तुम्ही असाल का.