ग्राहकाच्या अभिप्रायातलं 'जरा' आणि 'तरी'

प्रश्न : आमच्या लाकडी घाण्याच्या तेलाबद्दल एका ताईंनी व्हॉट्सॲपवर लिहिलंय. ते पत्रकात छापायचंय. त्यांचं शुद्धलेखन सुधारलं तर चालेल ना? 'जळजळ जरा कमी वाटते' याऐवजी 'जळजळ थांबली' केलं तर वाक्य जास्त नीट होईल असं वाटतं. मूळ मजकूर असा : "तुमच्या कडून शेंगदाना तेल 2 वेळ घेतल. वास चांगला आहे भाजीला चव येते. आधी च्या तेलानी मला जळजळ व्हायची ती आता जरा कमी वाटते. पन तेल लवकर संपत आणी घरपोच यायला 4 दिवस लागले. तरी परत घेनार."

उत्तर : शुद्धलेखन जरूर सुधारा, पण 'थांबली' करू नका. ते वाक्य व्याकरणाच्या दृष्टीनं मुळातच नीट आहे, त्यामुळे तिथे सुधारण्यासारखं काही उरत नाही. 'थांबली' लिहिलंत की बदलतो तो दावा.

आधी बिनधास्त करता येईल ते काम. 'तुमच्या कडून' आणि 'आधी च्या' जोडून लिहा. 'शेंगदाना', 'पन', 'घेनार' यांतल्या 'न'चा 'ण' करा, 'आणी'चं 'आणि', '2 वेळ'चं '2 वेळा'. 'घेतल' आणि 'संपत' यांवर अनुस्वार द्या. तो नसेल तर 'संपत' वाचताना क्षणभर 'संपत आलं' वगैरे काहीतरी पुढे येईल असं वाटतं. 'घेतले', 'संपते' असं ग्रांथिक मात्र करू नका. ताई बोलल्यासारखं लिहितायत, तर 'घेतलं', 'संपतं' आणि त्याच ओघात 'तेलानं' हेच बरोबर. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनाही कुणाच्या तोंडची भाषा देताना ही अनुस्वारयुक्त रूपं मान्य आहेत. त्यांनी 'लई भारी' किंवा 'तेल भेटलं' लिहिलं असतं, तर तेही मी तसंच ठेवलं असतं. ती त्यांची बोली आहे, चूक नाही.

आता जळजळीचं वाक्य. त्यात 'जरा' म्हणजे किती फरक पडला ते, 'वाटते' म्हणजे हा त्यांचा अनुभव आहे, मोजमाप नाही, आणि 'आता' म्हणजे सध्यापुरतं. मराठीत माणूस आपल्या बोलण्याची खात्री अशाच छोट्या शब्दांतून कमी-जास्त करतो. संपादकाला ते भरतीचे वाटतात आणि कात्री पहिल्यांदा तिथेच लागते. उलट दिशेची चूक म्हणजे 'च' घालणं : 'परत घेणारच'. एका अक्षरानं शब्द दिल्यासारखं होतं, आणि तो ताईंनी दिलेला नाही. 'वास चांगला आहे भाजीला चव येते' इथे मधे पूर्णविराम द्या, 'त्यामुळे' घालू नका. वासामुळे चव येते असं त्या म्हणालेल्या नाहीत. तसंच जळजळ तुमच्या तेलानं कमी झाली, असंही त्या म्हणत नाहीत. आधीच्या तेलानं व्हायची, आता कमी वाटते, एवढंच त्यांचं म्हणणं आहे.

खरी कसोटी शेवटच्या दोन वाक्यांत आहे. तक्रार गाळून फक्त 'तरी परत घेणार' ठेवलंत, तर वाचणारा लगेच विचारेल, 'तरी' म्हणजे कशाच्या असूनही? 'तरी'ही काढलात, तर सगळं सहन करून परत येणारं गिऱ्हाईक नुसतं खूश गिऱ्हाईक होऊन जातं. मधे तीन टिंबं दिल्यानं हे भागत नाही. काहीतरी गाळलंय एवढंच टिंबं सांगतात, गाळलेलं विरुद्ध बाजूचं होतं हे सांगत नाहीत. सगळं छापायचं नसेल, तर स्वतःच्या पायावर उभं राहणारं वाक्य उचला : "वास चांगला आहे. भाजीला चव येते." ते खरंही आहे आणि पत्रकाला पुरतंही.

पूर्ण छापायचं तर असं :

"तुमच्याकडून शेंगदाणा तेल 2 वेळा घेतलं. वास चांगला आहे. भाजीला चव येते. आधीच्या तेलानं मला जळजळ व्हायची, ती आता जरा कमी वाटते. पण तेल लवकर संपतं आणि घरपोच यायला 4 दिवस लागले. तरी परत घेणार."

माझ्या मते हेच छापावं. 4 दिवसांची तक्रार शेजारी असली की चवीच्या कौतुकावर जास्त विश्वास बसतो. जळजळीचं वाक्य मात्र मी पत्रकातून पूर्णच वगळेन, कारण खाद्यतेलाच्या जाहिरातीत ते औषधी गुणासारखं वाचलं जातं. बाकीचं त्यांच्याच शब्दांत ठेवायला आणखी एक कारण आहे : दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्राची 2022ची मार्गदर्शक तत्त्वंही मागतात, की शिफारस त्या माणसाचं खरं मत आणि खरा अनुभव असावी.

एक जागा तुम्हाला किंवा मला ठरवता येणार नाही. 'तेल लवकर संपतं' म्हणजे भाजीला जास्त लागतं, की बाटली लहान पडते? अंदाजानं शब्द घालू नका. सुधारलेला मजकूर ताईंना पाठवा आणि सोबत लिहा : "ताई, शुद्धलेखन तेवढं नीट केलंय. तुम्हाला हेच म्हणायचं होतं ना? आणि तेल लवकर संपतं म्हणजे नेमकं काय? असं छापलं तर चालेल का?" त्यांचं उत्तर आणि मूळ संदेश, दोन्ही जपून ठेवा.