अखेरचा साठा आणि ढोबळ नफा: दोन पद्धती

प्रश्न: साठा नोंदवहीचा फोटो आहे: आरंभी 100 नग दर 10, खरेदी 100 नग दर 12, नंतर विक्री 150 नग दर 20. प्रथम आवक प्रथम जावक आणि भारित सरासरी या दोन्ही पद्धतींनी ढोबळ नफा किती?

उत्तर: फोटोत 1 आणि 7 सहज गफलत करतात, म्हणून आधी नग जुळवावेत, येथे 50 उरतात आणि नोंदवहीतील शिल्लकही तेवढीच हवी. प्रथम आवक प्रथम जावक पद्धतीत उरलेले नग शेवटच्या खरेदीतील मानले जातात, त्यामुळे साठा 600, विकलेल्या मालाची किंमत 1600 आणि 3000 च्या विक्रीवर नफा 1400 येतो. भारित सरासरी दर 2200 भागिले 200, म्हणजे 11 असल्याने साठा 550 आणि नफा 1350 होतो. साठ्यातील 50 चा फरक नफ्यात तसाच उतरला नाही, तर बेरीज चुकली आहे. मात्र काही विक्री खरेदीपूर्वीची असेल, तर प्रत्येक खरेदीनंतर सरासरी नव्याने काढणाऱ्या नोंदवहीत हा 11 चा दर लागू पडत नाही. म्हणून तारखांचा स्तंभ फोटोत कापला गेलेला नसावा.