रक्तसंकलनाचे प्रमाणपत्र : पदवीविना दार कुठपर्यंत उघडते?

मी बारावी आर्ट्स आहे. तीन महिन्यांचा फ्लेबॉटॉमीचा कोर्स केला तर डिग्री नसताना हॉस्पिटल घेईल का? – एक वाचक, फोंडा

रक्त काढण्याच्या कामापुरते घेऊ शकते. खासगी प्रयोगशाळा आणि रुग्णालयांच्या संकलन कक्षांत अशा प्रमाणपत्रावर मुले-मुली कामाला लागतात. मात्र ‘लॅब टेक्निशियन’ हे पद त्यावर मिळेल, असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. २०२१च्या केंद्रीय कायद्याने सहायक आरोग्य व्यावसायिकासाठी किमान २००० तासांची आणि किमान दोन वर्षांत विभागलेली पदविका किंवा पदवी ठरवून दिली आहे. रोज सहा तास आणि महिन्याला पंचवीस दिवस असे धरले तरी तुमच्या तीन महिन्यांचे तास ४५० भरतात. म्हणजे नमुना घेणे तुमच्याकडे येईल, तपासणी करणे आणि अहवाल देणे येणार नाही.

सरकारी भरतीत जाहिरातीतील पात्रतेचा शब्दन्‌शब्द वाचा. तिथे पदविका मागितली असेल, तर अनुभव कितीही असला तरी हे प्रमाणपत्र तिची जागा घेत नाही. शिवाय गोव्यात पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोंकणीचे ज्ञान या अटी बहुधा असतातच.

सर्टिफिकेट आहे, तरी दोन ठिकाणी ‘काम करून दाखवा’ म्हणाले आणि नंतर बोलावलेच नाही. काय चुकत असावे? – एक वाचक, म्हापसा

शीर सापडली नाही म्हणून उमेदवार नाकारला गेला, असे मी फार कमी वेळा पाहिले आहे. परीक्षकाची नजर सुईपेक्षा नळ्यांवर आणि नावाच्या चिठ्ठीवर असते.

अनेक वर्षांपूर्वी मी एका संकलन कक्षाची जबाबदारी पाहत असताना घडलेली गोष्ट सांगतो. एका आजोबांचे पोटॅशियम ९च्या वर आले; ते साधारण ३.५ ते ५च्या आसपास असायला हवे. एवढ्या आकड्याला हृदय बंद पडण्याची भीती असते, आणि आजोबा तर बाकावर बसून शेजाऱ्याशी गप्पा मारत होते. त्याच नमुन्यात कॅल्शियम अगदीच खाली गेलेले दिसले, तेव्हा उलगडा झाला. पिवळ्या झाकणाच्या नळीत रक्त कमी पडले, म्हणून नव्या मुलाने जांभळ्या झाकणाच्या नळीतले थोडे त्यात ओतले होते. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून इडीटीएचा पोटॅशियमयुक्त क्षार असतो. तो स्वतःचे पोटॅशियम नमुन्यात मिसळतो आणि कॅल्शियम बांधून ठेवतो. पुन्हा रक्त घेतल्यावर पोटॅशियम ४.३ आले. चूक वेळीच लक्षात आली नसती, तर आजोबांना नको ते उपचार सुरू झाले असते.

याच कारणाने नळ्यांचा क्रम ठरलेला असतो : आधी निळी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, त्यानंतर जांभळी आणि शेवटी राखाडी. चाचणीच्या वेळी हा क्रम हाताला न अडखळता आठवायला हवा. दंडाला बांधलेला पट्टा मिनिटाच्या आत सुटायला हवा. रुग्णाला ‘तुम्हीच अमुक ना?’ असे विचारू नका, कारण घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो; त्याच्याच तोंडून पूर्ण नाव वदवून घ्या, ते कागदाशी ताडून पाहा आणि चिठ्ठी रक्त घेतल्यावर, रुग्ण समोर असतानाच लावा. आधीच चिठ्ठ्या लावून मांडलेल्या रिकाम्या नळ्या दिसल्या, तर मी स्वतः त्या उमेदवाराला पुढे नेत नसे.

तुमच्या कोर्समध्ये प्रत्यक्ष माणसांचे रक्त किती वेळा घेतले, त्याची देखरेख करणाऱ्याच्या सहीची नोंदवही आहे का? नसेल, तर ती कमतरता आधी भरून काढा. रबरी हातावर शिकलेल्या उमेदवाराची बोटे खऱ्या कातडीवर कुठे थबकतात, ते पहिल्याच टोचणीत कळते.

पेशंट केअर टेक्निशियनचा सहा महिन्यांचा कोर्स करून नर्सचे काम करता येईल का? – एक वाचक, काणकोण

नाही. हे नाव मुख्यतः अमेरिकेतले आहे. आपल्याकडे याच कामाला जनरल ड्यूटी असिस्टंट म्हणतात. रुग्णाला अंघोळ घालणे, कूस बदलणे, भरवणे, चाकाच्या खुर्चीवरून नेणे आणि लघवीचे माप लिहून ठेवणे, ही त्यातली कामे आहेत, आणि त्यासाठी रुग्णालये पदवी मागत नाहीत. इंजेक्शन देणे किंवा सलाईन लावणे त्यात बसत नाही. एखाद्या रात्री माणसे कमी आहेत म्हणून वॉर्डात कोणी तसे सांगितले, तरी नम्रपणे नकार द्या. परिचर्या परिषदेची नोंदणी तुमच्या नावावर नसल्याने चूक झाली तर तुमच्या बाजूने उभे राहायला कागद नसतो. नर्सच व्हायचे असेल, तर एएनएमची दोन किंवा जीएनएमची तीन वर्षे द्यावी लागतील.

फी भरण्यापूर्वी संस्थेला एवढेच विचारा की प्रमाणपत्र एनसीव्हीईटी या व्यवसाय शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या मान्यतेचे आहे का, आणि वॉर्डातला सराव कोणत्या रुग्णालयात, किती तास होणार. हे लेखी देत नसतील, तर पैसे भरू नका. आणि वॉर्डात पाऊल ठेवण्याआधी हिपॅटायटिस बीची लस सुरू करा, कारण तिचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात.